रामबागेतलं घर बंद, नवं अजून नाही: टपाल कुठे मागवायचं?

प्रश्न: आमचा रामबागेतला वाडा पाडून नव्याने बांधायचा आहे. जूनपासून जानेवारीपर्यंत आम्ही दोघं कधी राजेंद्र नगरला धाकट्या दिरांकडे, कधी देवासला मुलीकडे असू. नोव्हेंबरात यांच्या उपचारासाठी महिनाभर पुण्याला जायचं आहे, तिथला मुक्काम ठरलेला नाही. बँकेची, विम्याची, पेन्शनची पत्रं येत असतात. पोस्ट बॉक्स नंबर घ्यावा की पोस्ट रेस्टांट लिहायला सांगावं? आणि जुन्या पत्त्यावर जे येईल त्याचं काय?

उत्तर:

आठ महिन्यांसाठी इंदूरच्या जी.पी.ओ.मध्ये पोस्ट बॉक्स घ्या. पोस्ट रेस्टांट, म्हणजे तुम्ही मागायला येईपर्यंत पत्र पोस्टातच ठेवण्याची सोय, फक्त पुण्याच्या महिन्यापुरती वापरा. जुन्या पत्त्यासाठी वेगळा पुनर्निर्देशनाचा, म्हणजे तिथलं टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याचा, अर्ज द्या. एटीएम कार्ड, चेकबुक, पासपोर्ट अशा गोष्टी मात्र यांपैकी कशावरही मागवू नका, त्या दिरांच्या पत्त्यावर किंवा थेट शाखेत मागवा. हे चार मार्ग एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. बहुतेकांची गडबड होते ती एकच मार्ग सगळ्याला पुरेल असं धरल्यामुळे.

आधी पोस्ट बॉक्स म्हणजे नेमकं काय ते पाहू. पोस्ट ऑफिसात कुलूपबंद कप्पे असतात, त्यातला एक तुम्ही भाड्याने घेता आणि त्याचा क्रमांक हाच तुमचा टपालाचा पत्ता होतो. तुमचं टपाल पोस्टमनच्या बीटवर, म्हणजे त्याच्या वाटपाच्या ठरलेल्या भागात, जातच नाही, छाननीच्या वेळीच कप्प्यात पडतं. म्हणून घर बंद आहे, जिना पाडलाय, शेजारी कोणी नाही, याचा त्याच्यावर परिणाम होत नाही. तुम्ही किल्लीने उघडून घेऊन जाता.

कप्प्यात थेट पडतं ते फक्त साधं, पूर्ण तिकीट लावलेलं टपाल. स्पीड पोस्ट, नोंदणी केलेलं पाकीट, किंमत भरून सोडवायची व्ही.पी. किंवा कमी तिकिटामुळे पैसे भरून सोडवायचं पत्र कप्प्यात टाकत नाहीत, कारण त्यावर सही किंवा पैसे घ्यावे लागतात. त्यांची फक्त सूचनेची चिठ्ठी कप्प्यात येते आणि वस्तू खिडकीवर मिळते. चिठ्ठी पाहून "मग येऊ" म्हणत पंधरा दिवस काढले की पाकीट परत गेलेलं असतं. अशा वस्तू साधारण सात दिवस ठेवतात. म्हणून आठवड्यातून एक ठरलेला दिवस जी.पी.ओ.चा ठेवा आणि तो चुकवू नका. देवासला असलात तर दिरांना जाऊ द्या. त्यासाठी त्यांच्या नावाचं अधिकारपत्र आधीच देऊन ठेवायचं, ते खाली सांगते.

बॉक्स घेण्याची रीत सोपी आहे, पण वेळ हाताशी ठेवा. घर सोडण्याच्या तीन आठवडे आधी जी.पी.ओ.त जाऊन पोस्ट बॉक्ससाठीचा अर्ज मागा. सोबत फोटो ओळखपत्र, कायमच्या पत्त्याचा पुरावा आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो न्या. तुमचा कायमचा पत्ता अजून रामबागेचाच आहे आणि तो आधार कार्डावरही आहे, त्यामुळे अर्ज आत्ताच करणं सोयीचं. वाडा पाडल्यावर तोच कागद दाखवला तर प्रश्न विचारले जातात. शुल्क आगाऊ भरायचं असतं. वर्षाचं आणि तिमाहीचं असे दोन दर असतील तर दोन्ही विचारून घ्या. आठ महिन्यांसाठी तीन तिमाह्या लागतात, म्हणून वर्षाचं शुल्क बहुधा फारसं जास्त पडणार नाही आणि मुदत मध्येच संपण्याची काळजीही राहणार नाही. किल्लीसाठी वेगळी अनामत घेतली तर तिची वेगळी पावती मागा, कारण बॉक्स सोडताना ती पावती दाखवावी लागते. एखाद्या वेळी सगळे कप्पे भरलेले असतात. तेव्हा नाव नोंदवून ठेवा आणि तोवर पोस्ट रेस्टांटवर भागवा.

अर्जात ज्या ज्या नावांनी पत्रं येऊ शकतात ती सगळी लिहा, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. तुमचं आणि यजमानांचं नाव वेगवेगळं. पेन्शनच्या कागदावर आडनाव आधी असेल, विम्याच्या कागदावर फक्त आद्याक्षरं असतील किंवा लग्नाआधीचं नाव कुठे शिल्लक असेल, तर तेही लिहा. बॉक्स एकाच्या नावावर आणि पत्र दुसऱ्याच्या नावावर असलं की छाननी करणारा माणूस थबकतो. जोडीने बॉक्स घेता येत नसेल तर "माझ्यासोबत राहणारे" म्हणून यजमानांचं नाव अर्जात नोंदवून घ्या. दिरांना टपाल नेऊ द्यायचं असेल तर त्यांचं अधिकारपत्र याच वेळी द्या. त्यात तुमची सही, त्यांची सही, त्यांच्या ओळखपत्राचा क्रमांक आणि "कप्प्यातील टपाल तसेच खिडकीवरील नोंदणीकृत वस्तू घेण्याचा अधिकार" असे शब्द असू द्या. नुसतं "टपाल घेण्याचा अधिकार" लिहिलं तर साधी पत्रं मिळतात आणि खिडकीवर सही करताना अडतं.

पत्ता कसा लिहायचा, यात सर्वांत जास्त चुका होतात. नमुना असा:

(ओळखपत्राप्रमाणे पूर्ण नाव)
पोस्ट बॉक्स क्र. (तुमचा क्रमांक)
जी.पी.ओ., इंदौर
मध्य प्रदेश 452001

यात रामबाग नको, दिरांचा पत्ता नको, गल्ली नको. "दोन्ही लिहिलं तर कुठेतरी पोचेल" असं वाटतं, पण होतं उलट. पिन कोडचे पहिले तीन अंक छाननीचा जिल्हा दाखवतात आणि शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट ऑफिस. पाकिटावर पोस्ट बॉक्स आणि रामबागेचा पिन दोन्ही असले तर यंत्र असो की माणूस, पिनकडे पाहतो. पत्र तुमच्या जुन्या बीटच्या पिशवीत जातं आणि तिथल्या पोस्टमनला पोस्ट बॉक्सशी काही देणंघेणं नसतं. म्हणून पिन नेहमी ज्या ऑफिसात बॉक्स आहे त्याचाच लिहायचा, म्हणजे जी.पी.ओ.चा 452001. शहराचं नाव पाकिटावर हिंदी रूपात, "इंदौर", लिहिलेलं बरं. आपण घरात इंदूर म्हणतो, पण छाननीला इंदौर नावाची सवय आहे.

बॉक्स हाती आला की लगेच सगळ्यांना पत्ता कळवायला धावू नका. आधी तपासा. 50 पैशांचं पोस्टकार्ड स्वतःलाच त्या पत्त्यावर टाका आणि शहरातल्याच दुसऱ्या पोस्ट ऑफिसातून एक स्पीड पोस्टही करा. पोस्टकार्ड कप्प्यात आलं आणि स्पीड पोस्टची चिठ्ठी आली, तर वाट बरोबर आहे. पोस्टकार्ड आठवडाभरात नाही आलं तर खिडकीवर बॉक्सच्या नोंदवहीत तुमचा क्रमांक आणि नाव बरोबर आहे का ते पाहायला सांगा. क्रमांक लिहिताना दोन अंकांची अदलाबदल झालेली असते, हा नेहमीचा दोष. ही चाचणी मेच्या मध्यात केली तर दुरुस्तीला वेळ मिळतो.

आता जुन्या पत्त्यावर येणाऱ्या टपालाचं. तुम्ही ज्यांना नवा पत्ता कळवाल ते बदल करतील. पण ज्यांना कळवायचं तुमच्या लक्षातच आलं नाही, ते रामबागेलाच पाठवत राहतील. वाडा बंद दिसला की पोस्टमन पाकिटावर "कुलूप बंद" किंवा "सोडून गेले" असा शेरा मारतो आणि ते पाठवणाऱ्याकडे परत जातं. हे टाळायला पुनर्निर्देशनाचा अर्ज असतो. तो जी.पी.ओ.त नाही, तर तुमच्या बीटचं वाटप जिथून होतं त्या ऑफिसात द्यायचा. ते ऑफिस कोणतं याबद्दल शंका असेल तर अलीकडे घरी आलेल्या एखाद्या स्पीड पोस्टचा तेरा अक्षरांचा क्रमांक पोस्ट खात्याच्या ट्रॅकिंगमध्ये टाका. वाटप झाल्याच्या नोंदीसमोर त्या ऑफिसचं नाव दिसतं. अर्जात दोघांची पूर्ण नावं, जुना पत्ता, नवा पत्ता म्हणून पोस्ट बॉक्सचा पूर्ण पत्ता, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख आणि मोबाईल नंबर लिहा. दोन प्रती करा आणि एकीवर तारखेचा शिक्का घ्या. हा अर्ज किती दिवस चालेल ते तिथेच विचारा आणि मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा द्या. शिवाय बीटच्या पोस्टमनशी स्वतः बोला, अर्जाची एक झेरॉक्स त्याच्या हातात द्या. बीट बदलतात, माणसं रजेवर जातात. म्हणून कागद ऑफिसातही हवा आणि पोस्टमनपाशीही.

अर्ज चालतोय का हे कळायची खूण सोपी आहे. पुढे आलेल्या पाकिटावर जुना पत्ता खोडून नवा लिहिलेला असतो. पहिल्या महिन्यात असं एकही पाकीट आलं नाही आणि मोबाईलवर मात्र बँकेचा "पाठवलं" असा निरोप आला, तर समजा की मधे कुठेतरी अडलंय. तेव्हा शिक्का मारलेली प्रत घेऊन त्याच ऑफिसात जा.

आता ज्या गोष्टी पोस्ट बॉक्सवर येऊच नयेत त्या. बँकेच्या नोंदीत राहण्याचा पत्ता लागतो आणि बॉक्स हा राहण्याचा पत्ता नाही. बँकेचं एटीएम कार्ड बॉक्सच्या पत्त्यावर येईल असं गृहीत धरू नका. कार्डाची मुदत या आठ महिन्यांत संपणार असेल तर मेमध्येच कार्ड पाहा. संपणार असेल तर शाखेत लेखी द्या की नवं कार्ड आणि चेकबुक शाखेतच ठेवावं, आम्ही येऊन घेऊ. नाहीतर कार्ड रामबागेला जातं, "सोडून गेले" होऊन परत फिरतं आणि बरेचदा बँक ते नष्ट करते. मग नव्याने मागणी आणि पुन्हा वाट. आधारवरचा पत्ता रामबागेचा असला तरी बँकेत सध्याचा पत्ता म्हणून दिरांचा पत्ता स्वयंघोषणेने देता येतो. तो "द्वारा" लिहून द्या, म्हणजे पोस्टमनला दारावरची पाटी जुळते.

पासपोर्टचं तर आणखी कडक आहे. तो अर्जात दिलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने येतो आणि तुमच्याच हातात द्यायचा असतो. पोलीस पडताळणीही राहत्या पत्त्यावर होते. या आठ महिन्यांत नूतनीकरण करायचं असेल तर वाडा सोडण्याआधी करा किंवा जानेवारीनंतर. खासगी कुरिअरवाले पोस्ट ऑफिसातल्या कप्प्यात टाकू शकत नाहीत, म्हणून ऑनलाइन मागवलेली वस्तू आणि कुरिअरने येणारी विम्याची कागदपत्रं दिरांच्या पत्त्यावरच मागवा.

स्पीड पोस्टबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. 1 सप्टेंबर 2025 पासून देशांतर्गत नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. साधं स्पीड पोस्ट पत्त्यावर दिलं जातं, घरातली दुसरी व्यक्तीही घेऊ शकते. पाठवणाऱ्याने जास्तीचं शुल्क भरून नोंदणी जोडली असेल तर ते फक्त ज्याच्या नावाचं आहे त्याला किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या माणसाला मिळतं. दिरांच्या घरी तुमच्या नावाचं नोंदणीचं पाकीट आलं आणि तुम्ही देवासला असलात, तर दिरांना ते घेता यायला त्यांच्या भागाच्या वाटप ऑफिसात दुसरं अधिकारपत्र लागेल. जी.पी.ओ.त दिलेलं तिथे चालत नाही.

पुण्याच्या महिन्याचं आता. पोस्ट रेस्टांट म्हणजे "मागायला येईपर्यंत पोस्टात ठेवा". यात कप्पा नाही, किल्ली नाही, आधी अर्जही नाही. पाठवणाऱ्याने पाकिटावर तसं लिहायचं आणि तुम्ही मूळ ओळखपत्र घेऊन खिडकीवर मागायचं. पत्ता असा:

(ओळखपत्राप्रमाणे पूर्ण नाव, मोबाईल नंबर)
पोस्ट रेस्टांट
जी.पी.ओ., पुणे
महाराष्ट्र 411001

"पोस्ट रेस्टांट" हे शब्द रोमन मोठ्या अक्षरांत लिहायला सांगा, नावाच्या लगेच खाली, अधोरेखित. टोपणनाव, नुसतं पहिलं नाव किंवा नुसती आद्याक्षरं असलेलं पत्र या सोयीखाली देत नाहीत. आपल्याकडे नात्यातली माणसं सवयीने "सौ. काकू" लिहितात, ते इथे पूर्ण निरुपयोगी आहे. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचा पत्ता असायलाच हवा. मागायला कोणी आलं नाही तर पत्र त्यालाच परत जातं. परतीचा पत्ता नसला तर ते परतीच्या पत्रांच्या कार्यालयात जातं, आणि तिथून सुटका होणं कठीण.

हे मागण्याची एक पद्धत आहे. खिडकीवर आधी आडनावाने बघायला सांगा, मग पहिल्या नावाने, मग "श्रीमती"च्या "श" आणि "स"मध्ये. आडनाव गोखले असलं तरी रोमनमध्ये पाठवणाऱ्याने नाव आधी लिहिलं असेल तर ढीग दुसराच असतो. "नाही" असं उत्तर ऐकून परतणाऱ्यांची पत्रं बहुतेक वेळा दुसऱ्या ढिगात सापडतात. न रागावता, तीन अक्षरं कागदावर लिहून पुढे सरकवलीत तर माणूस पुन्हा पाहतो.

पोस्ट रेस्टांटची दोन बंधनं लक्षात ठेवा. पत्र आल्याचं तुम्हाला कोणी कळवत नाही आणि मुदत संपली की ते परत जातं. म्हणून पुण्याला जे पाठवायचं ते शक्यतो स्पीड पोस्टने आणि पाकिटावर तुमचा मोबाईल लिहूनच पाठवायला सांगा, म्हणजे क्रमांकाने माग काढता येईल. पत्र पुण्याला पोचल्याचं दिसलं की दोन-तीन दिवसांत जा. मुक्काम संपण्याच्या आधीच्या दहा दिवसांत कोणालाही पुण्याला पत्र टाकू देऊ नका, त्या दिवसांतलं सारं इंदूरच्या बॉक्सवरच येऊ द्या. उपचाराची बिलं आणि विम्याचं उत्तर अडकू नये म्हणून विमा कंपनीच्या नोंदीत पत्रव्यवहाराचा पत्ता इंदूरचा बॉक्स किंवा दिरांचं घरच ठेवा. पुणं फक्त हॉस्पिटलमधून येणाऱ्या अहवालासाठी.

तुमच्या तारखा अशा बसवता येतील. 8 मे: जी.पी.ओ.त बॉक्सचा अर्ज आणि दिरांचं अधिकारपत्र. 15 मे: पोस्टकार्ड आणि स्पीड पोस्टची चाचणी. 22 मे: बँक, विमा, पेन्शन देणारं ऑफिस यांना लेखी कळवणं, प्रत्येकाला वेगळं आणि पोच घेऊन. 25 मे: रामबागेच्या वाटप ऑफिसात पुनर्निर्देशनाचा अर्ज. घर 1 जूनला सोडलं तर मध्ये एक आठवडा शिल्लक राहतो, पोस्टमन तोवर नव्या पत्त्याला सरावतो. त्यानंतर दर शनिवारी बॉक्स.

न्यायालयाची किंवा सरकारी नोटीस या सगळ्याबाहेरची आहे, म्हणून ती वेगळी सांगते. कायद्यानुसार नोंदणीकृत टपालाने बरोबर पत्त्यावर, तिकीट लावून पाठवलेली नोटीस पोचली असं मानलं जाऊ शकतं, पाकीट "सोडून गेले" शेऱ्याने परत आलं तरीही. जमिनीचा, भाड्याचा किंवा चेकचा वाद चालू असेल तर बॉक्सच्या भरवशावर बसू नका. वकिलाला आणि समोरच्या पक्षाला सध्याच्या राहत्या पत्त्याचं पत्र लेखी द्या. वाद बांधकामाशी निगडित असेल तर विशेष, कारण वाडा पाडल्यावर नोटीस पडक्या भिंतीवर चिकटवली जाऊ शकते आणि तुम्हाला महिनाभर कळतही नाही. आयकरासारख्या काही नोटिसा आता पोर्टल आणि ईमेलवर येतात, तिथला ईमेल चालू आहे का तेही पाहून ठेवा.

जानेवारीत नव्या घरात गेलात की बॉक्स लगेच सोडू नका. ज्यांना तुम्ही बॉक्सचा पत्ता दिला ते त्यावर आणखी काही महिने पत्रं पाठवतील. वर्षाचं शुल्क भरलेलं असेल तर मुदत संपेपर्यंत चालू ठेवा आणि दर आठवड्याऐवजी पंधरवड्याने पाहा. पण सूचनेची चिठ्ठी हाती पडताच वस्तू त्याच दिवशी सोडवून आणा. शेवटी सोडताना किल्ली परत करा, अनामतीची पावती देऊन पैसे घ्या आणि जी.पी.ओ.तच नव्या घराच्या पत्त्यावर पुनर्निर्देशनाचा दुसरा अर्ज द्या. नव्या घराच्या दारावर पाटी लावलेली असावी, त्यावर दोघांची नावं, आणि पाटी पहिल्या पाकिटाच्या आधी लागलेली हवी.